पैठणीची काळवंडलेली जर : सफाईच्या नोंदी

५ जानेवारी

आईच्या लग्नातली येवल्याची पैठणी कपाटातून काढली. अंग गडद जांभळं, काठ नारळी, पदरावर जरीच्या भुईत रेशमी मोर आणि वेलबुट्टी. रेशीम अजून धडधाकट आहे. घडीवर बोटाने हलकेच ताण दिला तर चिरत नाही. ही खात्री आधी करून घ्यावी. रेशीमच कुजलं असेल तर जरीला हात लावण्यात अर्थ नाही.

जर मात्र तीन रंगांची झाली आहे. खालच्या काठाला, निऱ्यांच्या भागात, मळकट राखाडी. पदरावर तपकिरी. खांद्यावर पदर यायचा तिथे आणि घडीच्या रेषांवर जवळजवळ काळी. आई म्हणते, "काळी पडली म्हणजे पडली, आता ती तशीच राहणार." दुकानदारांचं म्हणणं, पॉलिश करून घ्या, नवी दिसेल. मला ते दोन्ही पटत नाही. तीन वेगळे रंग आहेत म्हणजे कारणंही एकाहून जास्त असणार.

त्याच पैठणीच्या ब्लाऊजपीसचं शिवलेलं ब्लाऊज ट्रंकेत सापडलं. बाह्यांना तोच काठ, तीच जर, आणि घामामुळे साडीपेक्षा जास्त खराब. कोणाला बसत नाही. सगळे प्रयोग या बाह्यांवर करायचे, साडीवर एकही नाही. ज्यांच्याकडे असं जोडीचं ब्लाऊज नसेल त्यांनी निदान काठाच्या आतल्या टोकाला, जिथे साडी कमरेत खोचली जाते, तिथे चाचणी करावी.

७ जानेवारी

आधी जर कोणती ते ठरवलं. यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

ब्लाऊजच्या आतल्या शिवणीतून जरीचा बोटभर धागा उसवून घेतला आणि घड्याळजी वापरतात त्या दहापट भिंगाखाली धरला. जरीचा धागा म्हणजे अख्खी धातूची तार नसते. मधे सुताचा किंवा रेशमाचा गाभा असतो आणि त्याच्याभोवती चपटी केलेली तार, म्हणजे बादला, वेटोळ्यांनी गुंडाळलेला असतो. खऱ्या जरीत बादला चांदीचा आणि त्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा. टेस्टेड जरीत बादला तांब्याचा, त्यावर चांदीचा थर आणि वर सोनेरी रंग. तिसरी प्लास्टिकची, चमकीच्या पट्टीची. ती काळी पडत नाही, पण इस्त्रीने आकसते.

सुईच्या टोकाने बादला खरवडला. सोनेरी थराखाली पांढरं निघालं, आणखी खोल खरवडूनही लालसर नाही. म्हणजे चांदी. मग गाभा मोकळा करून चिमट्यात धरून जाळला. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, म्हणजे रेशीम. प्लास्टिक असतं तर वितळून गोळी झाली असती.

तेव्हा काळेपणा म्हणजे चांदीवर चढलेलं सल्फाइड. सोनं स्वतः काळं पडत नाही, पण मुलामा इतका पातळ असतो की त्याच्या बारीक छिद्रांतून आणि झिजलेल्या जागांतून हवेतलं गंधक खालच्या चांदीपर्यंत पोचतं आणि काळा थर सोन्याच्या वर पसरतो. टेस्टेड जर असती तर तपकिरी-हिरवट डाग दिसले असते आणि पुढच्या बऱ्याच नोंदी वेगळ्या झाल्या असत्या.

११ जानेवारी

फॉल उसवला. टाके एकेक कापून काढले, ओढले नाहीत. ओढलं की दोरा बादल्यात अडकतो आणि वेटोळी सुटतात.

फॉलखालची जर पाहून कामाची दिशाच ठरली. फॉलने झाकलेली पट्टी फिकट सोनेरी आहे, किंचित तपकिरी झाक, बाकी छान. शेजारची उघडी पट्टी राखाडी. दोन्ही पट्ट्या एकाच कपाटात, एकाच हवेत राहिल्या. म्हणजे निऱ्यांच्या भागातला राखाडीपणा मुख्यतः धूळ, तेलकटपणा आणि रस्त्याची घाण आहे, सल्फाइड फार थोडं. घाण काढता येते, आणि काढताना धातू जात नाही. सल्फाइड म्हणजे चांदीचंच झालेलं रूपांतर, ते खरवडून काढलं की तेवढी चांदी गेली.

या दोन गोष्टी एकत्र धरून सगळे "जरीचा काळेपणा" म्हणतात आणि थेट चांदी चकचकीत करायचे उपाय वापरतात. नुकसान तिथे होतं.

१२ ते १५ जानेवारी : बाहीवरचे प्रयोग

लोक जे जे सांगतात ते बाहीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर करून पाहिलं.

लिंबू आणि मीठ. काळेपणा जवळपास तसाच. लिंबाचं आम्ल तांब्याची काजळी काढतं, चांदीचं सल्फाइड नाही. उलट शेजारच्या लाल रेशमाचा रंग उतरला, आणि मीठ धाग्याच्या आत राहिलं तर दमट हवेत धातू आणखी खातं. चिंचेचंही तेच.

टूथपेस्ट. लगेच चमकली. भिंगाखाली पाहिलं तेव्हा चमक पांढरी होती. सोन्याचा मुलामा निघून खालची चांदी उघडी पडली होती, वर आडवे ओरखडे, आणि वेटोळ्यांच्या फटींत पांढरी पेस्ट घट्ट बसलेली. ती धुऊनही निघाली नाही.

अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा. हा उपाय चांदीच्या भांड्यांवर खरोखर चालतो, म्हणून याच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवला. पट्टी फॉइलवर टेकवून गरम सोड्याच्या पाण्यात ठेवली. सडक्या अंड्यासारखा वास आला, काळेपणा डोळ्यांदेखत फिकट झाला. म्हणजे सल्फाइडची पुन्हा चांदी होत होती. वाळल्यावर मात्र जर मंद, खडूसारखी पांढुरकी दिसली. परत आलेली चांदी बारीक कणांच्या रूपात सोन्याच्या वरच बसते. त्यामुळे चमक जाते आणि सोनेरी रंग झाकला जातो. शिवाय गरम सोड्याच्या पाण्याने रेशीम चरचरीत झालं आणि रंग पाण्यात उतरला. रेशमाला अल्कली सोसत नाही. भांड्याला रेशमी गाभा नसतो, जरीला असतो.

चांदी चमकवायचं बाटलीतलं द्रावण. काही सेकंदांत लखलखीत. त्यात आम्ल आणि थायोयुरिया असतं, ते सल्फाइड विरघळवतं आणि त्याच्यासोबत थोडी चांदीही. ताटली नळाखाली धुता येते, पण इथे द्रावण रेशमी गाभ्यात शोषलं गेलं. ही पट्टी पुढे काय होते ते पाहण्यासाठी कागदात बांधून ठेवली.

ब्लीच मी बाहीवरही वापरलं नाही, शिवणीतल्या सुट्या धाग्यावर वापरलं. रेशमी गाभा मऊ पडत पडत विरघळून गेला आणि बादला रिकाम्या स्प्रिंगसारखा वाटीत उरला. कपडे पांढरे करायचं कुठलंही द्रावण पैठणीजवळ आणू नये, एवढ्यासाठी हे लिहून ठेवते.

रिठ्याचं पाणी रेशमाला चांगलं असतं, पण ते तपकिरी असतं आणि अख्खी साडी खळबळून धुतल्याशिवाय निघत नाही. फक्त काठाला लावलं तर काठाशेजारी डागाची कड उमटते. म्हणून तेही बाद.

१८ जानेवारी

रंग पक्का आहे का, याची चाचणी. प्रत्येक रंगाच्या धाग्यावर एक थेंब टाकला, वरून पांढरा टिपकागद, त्यावर वजन, दहा मिनिटं थांबायचं. तीन द्रवांनी तपासलं : साधं डिस्टिल्ड वॉटर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दोन्हींचं निम्मं-निम्मं मिश्रण.

जांभळं अंग आणि हिरवा पोपटी तिन्हींत पक्के. पदरातल्या मोराच्या लाल धाग्याने पाण्यात फिकट गुलाबी ठसा दिला, शुद्ध अल्कोहोलमध्ये काहीच नाही आणि मिश्रणात भरपूर. मिश्रण हे मधलं, सौम्य असेल असं गृहीत धरून चालणार नाही. पाणी धागा फुगवतं आणि अल्कोहोल रंग विरघळवतं, दोन्ही एकत्र आले की लाल सुटतो. म्हणून ठरवलं : नुसत्या जरीच्या भागावर मिश्रण, लाल बुट्टीच्या आसपास फक्त ९९ टक्के अल्कोहोल.

डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे मिळतं. नळाचं पाणी नको, त्यातला क्लोरीन आणि क्षार दोन्ही चांदीला वाईट. सगळं सामान, भिंगासकट, सातशे रुपयांच्या आत आलं.

१९ जानेवारी

कोरडी सफाई. टेबलावर धुतलेली पांढरी चादर, त्यावर साडीचा हातभर भाग सपाट. लहान मऊ ब्रश, चित्रकलेचा, धाग्याच्या लांबीच्या दिशेने. धाग्याला आडवा फिरवला की बादल्याची कड उचकटते आणि नंतर तिथूनच तो सुटत जातो. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला, ओढ सर्वांत कमी ठेवली आणि नळी जरीपासून बोटभर वर धरली. उडालेली धूळ पुन्हा बसत नाही.

एवढ्यानेच खालचा काठ एक छटा उजळला. हे केल्याशिवाय ओला बोळा लावू नये, नाहीतर धुळीचा चिखल होऊन वेटोळ्यांत जातो.

२५ जानेवारी

ओल्या बोळ्याचं काम सुरू. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून करंगळीच्या नखाएवढा बोळा. मिश्रणात बुडवायचा, टिपकागदावर जवळजवळ कोरडा करायचा, मग जरीवर लोळवायचा. घासायचा नाही. काडी दोन बोटांत फिरवत पुढे न्यायची म्हणजे मळ कापसाला चिकटून वर येतो. साडीखाली टिपकागद. एका बोळ्याने अंगठ्याएवढी जागा, मग नवा बोळा. पंखा बंद, खिडकी उघडी, स्वयंपाकघरातला गॅस बंद, कारण अल्कोहोलची वाफ पेट घेते.

बोळ्याचा रंग पाहत राहायचं. पहिला बोळा करडा-तपकिरी, दुसरा फिकट, तिसरा जवळपास पांढरा. पांढरा आला की तिथे थांबायचं, जर अजून काळसर दिसत असली तरी. उरलेला रंग घाणीचा नाही, धातूचा आहे. बोळ्यावर कधी शिशपेन्सिलीसारखी चमकदार करडी रेघ उमटली तर समजावं की धातू निघतोय, हात जड पडतोय.

एका बैठकीत जेमतेम हातभर काठ होतो. घाई केली की बोळा ओला राहतो.

२ फेब्रुवारी

आज त्याचंच फळ मिळालं. काठ आणि अंग यांच्या सीमेवर बोळा जास्त ओला गेला, ओल जांभळ्या रेशमात सरकली आणि वाळल्यावर तिथे गडद कड उमटली. पाणी सरकतं तसं मळ आणि सैल रंग पुढे ढकलतं आणि जिथे थांबतं तिथे सोडतं.

दुरुस्ती अशी केली. टिपकागद खाली घालून, डिस्टिल्ड वॉटरचा जेमतेम दमट बोळा कडेच्या बाहेरून काठाकडे हलकेच नेला, लगेच वरून कोरडा टिपकागद दाबला. पुन्हा पुन्हा, दर वेळी टिपकागदाची नवी जागा. संध्याकाळ त्यातच गेली. कड तिरप्या उजेडात अजून किंचित दिसते, समोरून नाही. पुढे सीमेपासून दोन धागे आत फक्त ९९ टक्के अल्कोहोल वापरलं. ते सरकायच्या आत उडून जातं.

९ फेब्रुवारी

पदर. पैठणीच्या पदरात बुट्टी दोन्ही बाजूंनी सारखी असते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत, म्हणून मागूनही तितकंच साफ करता येतं. किनखापासारख्या मागे सुटे धागे असलेल्या साड्यांना हे करू नये, बोळ्यात धागे अडकतील.

मोरांच्या मधली जर साफ करायला कापसाचा बोळाही मोठा पडतो. दात कोरायच्या काडीला कापसाचे चार तंतू गुंडाळून काम केलं. शुद्ध अल्कोहोलने तेलकट थर निघतो, पाण्यात विरघळणारा घामाचा मळ निघत नाही. त्यामुळे मोरांभोवती सफाई कमी झाली आहे आणि ती तशीच राहील. लाल रंग पसरण्यापेक्षा हे बरं.

१६ फेब्रुवारी

खालचा काठ आता फॉलखालच्या पट्टीच्या फार जवळ आला आहे. एकाच दिव्याखाली, एकाच अंतरावरून आधीचे आणि आताचे फोटो घेतले. वेगळ्या उजेडातले फोटो जरीच्या बाबतीत काहीही सांगत नाहीत.

खांद्यावरचा पट्टा आणि घडीच्या रेषा मात्र अजून गडद तपकिरी, काही ठिकाणी काळ्या. बोळा पांढरा निघतो, म्हणजे हे सल्फाइड. शेवटचा उपाय म्हणून अगदी बारीक, औषधी दर्जाची खडूची पूड अल्कोहोलमध्ये कालवून बाहीवर लावून पाहिली. काळं निघालं. भिंगाखाली तिथे सोनंही गेलेलं, पांढरी चांदी उघडी. आणि उघडी चांदी मुलाम्याच्या चांदीपेक्षा लवकर काळी पडणार, म्हणजे दरवेळी आणखी घासावं लागणार आणि शेवटी बादलाच तुटणार.

तेव्हा साडीवरची तपकिरी जर तशीच ठेवायचं ठरवलं. आईला दोन्ही दाखवलं, घासलेली बाही आणि न घासलेला पदर. ती म्हणाली, "ही पांढरी नको. ती आपली सोन्याचीच वाटते." पदराला दुरून पाहिलं तर जुन्या सोन्याचा गडद रंग दिसतो. सारखेपणासाठी मुलामा घालवायचा नाही.

बांधून ठेवलेली चांदी-द्रावणाची पट्टी आज उघडली. लखलखीत होती ती पिवळट तपकिरी झाली आहे, शेजारच्या न धुतलेल्या जरीपेक्षा कितीतरी वेगाने. गाभ्यात राहिलेलं रसायन आतून काम करत राहतं.

२३ फेब्रुवारी

पदराच्या टोकाला गंजाचे दोन ठिपके. पूर्वी एका लाँड्रीने नंबराची चिठ्ठी थेट काठात स्टेपल केली होती, त्या पिनेची जागा. गंज काढायची द्रावणं आम्लाची असतात आणि इथे चांदी, रेशीम आणि लाल रंग तिन्ही हाताच्या अंतरावर आहेत. ठिपक्यांना हात लावला नाही. ड्रायक्लीनला देताना चिठ्ठी दोऱ्याने बांधायला सांगावं, आणि पदराला पिन लावायची तर जरीत न लावता रेशमात, काम झाल्यावर लगेच काढावी.

२ मार्च

पॉलिश करायचं नाही. रोल पॉलिशमध्ये साडी खळ किंवा गोंद लावून गरम रोलखालून जाते, बादला दाबला जाऊन चपटा होतो आणि म्हणून चमकतो. जुन्या बादल्याला घडीवर भेगा असतात, त्या तिथे तुटतात. शिवाय खळ ओल धरून ठेवते.

त्याऐवजी साडी पालथी घालून, वर मलमलचं कापड, इस्त्री रेशमाच्या खुणेवर, वाफ बंद. इस्त्री सरकवायची नाही, टेकवून उचलायची. घडीच्या जुन्या रेषांवर अजिबात नाही.

८ मार्च

नवा फॉल. बाजारातला सुती फॉल खळ घालून ताठ केलेला असतो. तो साध्या पाण्यात रात्रभर भिजवला, खळ निघेपर्यंत धुतला, वाळवला. त्यामुळे तो आटायचाही आधीच आटला. न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात आटून काठाला चुण्या पाडतो. टाके जरीच्या धाग्यांच्या मधून, रेशमात.

साडी जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळली. प्लास्टिकची पिशवी काढून टाकली, कारण ती ओल आत कोंडते. वर्तमानपत्र आणि डांबराच्या गोळ्याही काढल्या. घडी नेहमीच्या रेषांपासून चार बोटं सरकवून घातली, पावसाळ्यात ती उघडायची नाही.

साडी ज्या कप्प्यात होती तिथेच आईच्या लोकरीच्या शाली होत्या. लोकरीत गंधक असतं आणि ते हळूहळू हवेत येतं. हाच काळेपणाचा मोठा भागीदार असावा असा संशय आहे. म्हणून आईचं एक तुटकं जोडवं घासून पांढरं केलं, कापून दोन तुकडे केले. एक शालींच्या कप्प्यात ठेवला, एक वरच्या रिकाम्या कप्प्यात.

३० मार्च

शालींच्या कप्प्यातला तुकडा पिवळट झाला आहे, कडेला तपकिरी. वरच्या कप्प्यातला अजून पांढरा. शाली पलंगाखालच्या पेटीत हलवल्या, पैठणी वरच्या कप्प्यात. पांढरा तुकडा धोतराच्या घडीत, जरीला न टेकता ठेवला आहे. दर दोन-तीन महिन्यांनी तो पाहायचा. पिवळा पडला तर साडी काढून हवा द्यायची आणि कप्प्यात नवीन काय आलं ते शोधायचं : रबरबँड, लोकरीची टोपी, रबरी तळाच्या चपलांचा खोका.